सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं: बदली रजा मागायची कशी आणि पदरात पाडून घ्यायची कशी

"उद्या सुट्टी आहे ठाऊक आहे, पण तेवढं येऊन जा ना. नंतर बघू काहीतरी अ‍ॅडजस्ट करून."

असा फोन बहुधा आदल्या दिवशी संध्याकाळी, घरी निघायच्या बेतात असताना येतो. आपण "बरं" म्हणतो, दुसऱ्या दिवशी जाऊन काम उरकून येतो, आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की ते 'अ‍ॅडजस्ट' काही झालंच नाही. मी बरीच वर्षं हजेरी आणि रजेचं काम पाहिलंय. बदली रजा, म्हणजे ऑफिसच्या भाषेत कॉम्प-ऑफ, तोंडावर नाकारलेली मी फार कमी वेळा पाहिली. बुडालेल्या बहुतेक रजा दोनच कारणांनी बुडाल्या: एक तर त्या दिवसाची नोंदच नीट झाली नव्हती, किंवा नोंद होती पण मुदत उलटून गेली होती. म्हणून ही रजा मागण्याचं काम अर्ज भरायच्या बऱ्याच आधी, तो फोन आला तेव्हापासूनच सुरू होतं.

आधी धोरण उघडा

रजेचं धोरण सहसा नेमणूकपत्रासोबत किंवा कर्मचारी पोर्टलवर असतं. त्यात सगळं वाचत बसू नका, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा परिच्छेद शोधा. साप्ताहिक सुट्टीचा परिच्छेद वेगळा असतो आणि लोक नेमका तोच वाचून भांडायला येतात. या दोन सुट्ट्यांमागचा विचारच वेगळा आहे. साप्ताहिक सुट्टी ही विश्रांती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1957 सालच्या 106 क्रमांकाच्या करारात दुकानं आणि कार्यालयांतल्या माणसांसाठी दर सात दिवसांत किमान 24 तासांची सलग विश्रांती सांगितली आहे, आणि तात्पुरत्या कारणानं ती मोडली तर तेवढीच भरपाईची विश्रांती द्यावी असंही त्यात आहे. सार्वजनिक सुट्टी मात्र भरपगारी सवलत म्हणून येते, आणि ती मोडली तर बदल्यात काय द्यायचं हे देशोदेशीच्या कायद्यावर आणि कंपनीच्या धोरणावर ठरतं. कुठे जादा दरानं पगार, कुठे बदली रजा, कुठे दोन्ही, कुठे दोहोंपैकी एक निवडायची मुभा. धोरण कायद्यापेक्षा जास्त देऊ शकतं, कमी देऊ शकत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

त्या परिच्छेदात चार गोष्टी बघायच्या. पूर्ण दिवसाची रजा मिळायला किती तास काम लागतं. आधी मंजुरी हवी का आणि कुणाची. रजा किती दिवसांत घ्यायची. आणि तुमच्या हुद्द्याला ती लागू आहे का. शेवटचा मुद्दा कडू आहे: कित्येक ठिकाणी एका श्रेणीच्या वरच्या लोकांना, म्हणजे व्यवस्थापक वगैरेंना, ना जादा पगार मिळतो ना बदली रजा. तुम्ही त्या गटात असाल तर साहेबांशी गोडीगुलाबीनं बोलून एखादा दिवस मिळू शकेल, पण त्याला हक्क म्हणून मागू नका, कारण कागदावर तो नाही.

आणखी एक फरक. सुट्टी आधीच ठरवून दुसऱ्या दिवशी ढकलली असेल आणि तसं शिफ्टच्या वेळापत्रकात लागलं असेल, तर तो सुट्टीचा बदल झाला. त्यातून बदली रजा निर्माण होत नाही. बदली रजा निघते ती वेळापत्रकात सुट्टी असताना बोलावलं तर.

होकार देतानाच लेखी करून घ्या

फोनवर "येतो" म्हणा, फोन ठेवा, आणि पाच मिनिटांत मेसेज किंवा ईमेल करा. साहेबांनाच करा. मित्राला किंवा ग्रुपवर टाकून उपयोग नाही. मजकूर साधा ठेवा:

"सर, आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे उद्या सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला कामावर येतो. प्रलंबित माल रवाना करायचं काम पूर्ण करीन. या दिवसाची बदली रजा माझ्या खात्यात जमा होईल असं धरतो. काही वेगळं असेल तर आजच कळवा."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. तुम्ही रजेची भीक मागत नाही, आणि धमकीही देत नाही. एक समजूत मांडून ती खोडायची संधी देताय. साहेबांनी "ओके" लिहिलं किंवा नुसता अंगठा पाठवला, तरी पूर्वमंजुरीचा पुरावा हातात आला. काहीच उत्तर आलं नाही तरी तारीख-वेळेसकट तुमची समजूत नोंदली गेली. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या ईमेलला हे वजन राहत नाही, कारण "पूर्वमंजुरी नव्हती" हे वाक्य तेव्हा सहज म्हणता येतं.

संकोच वाटतो, मान्य आहे. "एवढ्यासाठी काय लिहून घ्यायचं, साहेब चांगले आहेत." साहेब चांगलेच असतात. पण त्यांची बदली होते, ते नोकरी सोडतात, आणि नव्या साहेबांना तुमच्या तोंडी कराराचं काही देणंघेणं नसतं. माझा स्वतःचा एक दिवस असाच गेला. जुन्या साहेबांनी अगदी मनापासून कबूल केला होता.

त्या दिवशी: हजेरी आणि जेवणाची सुट्टी

आत जाताना आणि बाहेर पडताना पंचिंग करा. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असणं किंवा दारच बंद असल्यानं मागच्या दारानं जावं लागणं नेहमीचं आहे. तसं झालं तर सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत नाव, वेळ आणि सही करा, आणि त्या पानाचा फोटो चालत असेल तर काढून ठेवा. येण्याजाण्याचा वेळ बहुतेक धोरणांत धरत नाहीत. घरून काम केलं असेल तर लॉगिनच्या वेळा आणि पाठवलेले ईमेल हाच पुरावा. दोन-तीन फोन घेतले म्हणून सहसा काही मिळत नाही, कारण किमान तासांची अट तिथे आडवी येते.

इथून पुढे एका सहकारी बाईंचं उदाहरण घेतो. त्यात बहुतेक खाचखळगे एकदम येतात.

त्या एका गोदामात माल रवाना करण्याच्या विभागात. 1 मे 2025 ला, गुरुवारी, कामगार दिनाची सुट्टी होती. बुधवारी संध्याकाळी पावणेसातला फोन आला, त्यांनी वरच्यासारखा मेसेज केला, साहेबांचं "ठीक आहे" आलं. गुरुवारी त्या 9.35 ला आत आल्या आणि 3.50 ला बाहेर पडल्या. म्हणजे सव्वासहा तास. त्यांच्याकडे नियम होता की चार तासांना अर्धा दिवस, सहा तासांना पूर्ण दिवस. हिशेबानं पूर्ण दिवसाची रजा पक्की.

शुक्रवारी त्यांनी हजेरीपट उघडला तर कामाचे तास दिसले 5.45, आणि समोर 'अर्धा दिवस'. झालं असं की यंत्रणा पाच तासांच्या वरच्या हजेरीतून अर्धा तास जेवणाचा आपोआप वजा करते. रोजच्या दिवशी ते बरोबरच आहे. पण सुट्टीमुळे कॅन्टीन बंद, आणि गाडी भरत असताना त्यांनी जेवणाची सुट्टी घेतलीच नव्हती, उभ्याउभ्याच डबा खाल्ला होता. अर्ध्या तासानं अर्धा दिवस खाल्ला.

त्यांनी त्याच दिवशी हजेरी दुरुस्तीचा अर्ज टाकला. त्यात एवढंच लिहिलं: "1 मे रोजी सलग 9.35 ते 3.50 काम केले, जेवणाची सुट्टी घेतली नाही. गाडी 1.10 ते 2.20 या वेळात भरली, रवानगीची पावती जोडली आहे." वेळेसकट पावती जोडली म्हणून साहेबांना खात्री करायला कुणाला विचारावं लागलं नाही. सोमवारी, 5 मेला, हजेरी सव्वासहा तास झाली.

यातून घ्यायचं ते हे की दुसऱ्या दिवशी हजेरीपट बघाच. पगाराचा हिशेब बंद झाल्यावर दुरुस्ती मागणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. आणि ज्या ठिकाणी हजेरीच्या रकान्यात सुट्टीच्या दिवशी 'हजर' न दिसता नुसतं 'सुट्टी' दिसतं, तिथे तुमचं काम यंत्रणेच्या लेखी झालेलंच नसतं.

अर्ज एक नाही, दोन

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. बऱ्याच यंत्रणांत बदली रजेचे दोन स्वतंत्र अर्ज असतात. पहिला, रजा *जमा* करण्याचा: अमुक दिवशी सुट्टीला काम केलं, त्याची एक रजा माझ्या खात्यात घाला. दुसरा, जमा झालेली रजा *घेण्याचा*: अमुक तारखेला मी येणार नाही. लोक पहिला विसरतात, थेट दुसरा भरतात, आणि "शिल्लक शून्य" म्हणून तो परत आला की मनुष्यबळ विभागानं रजा नाकारली असं समजून चिडतात. नाकारली नसते, ती जमाच झालेली नसते.

काही ठिकाणी जमा करण्याच्या अर्जालाही मुदत असते, म्हणजे सुट्टीनंतर ठरावीक दिवसांत तो भरला नाही तर पुढे काही उरतच नाही. कागदावर चालणाऱ्या ऑफिसातही हे दोन टप्पे असतातच, फक्त तिथे पहिला टप्पा म्हणजे रजेच्या रजिस्टरमध्ये साहेबांच्या सहीनं पडलेली एक ओळ. ती ओळ पडली का, ते स्वतः जाऊन बघा.

त्याच अर्जात एक प्रश्न येतो: जादा कामाचा पगार घेणार की रजा? दोन्ही मिळत असेल तर उत्तम. दोहोंपैकी एकच असेल तर एकच निवडा, आणि निवड करण्याआधी साहेबांनी तुमच्या नावानं जादा कामाचे तास पाठवलेत का ते विचारा. पाठवले असतील आणि तुम्ही रजाही मागितली, तर तपासणीत दोन्ही अडकतात आणि वर तुमच्याकडे संशयानं पाहिलं जातं.

मुदत मोजताना

आमच्या बाईंच्या धोरणात लिहिलं होतं: "काम केल्यापासून 60 दिवसांच्या आत वापरावी." साधं वाक्य, पण त्यात दोन प्रश्न दडलेत.

पहिला, मोजायला सुरुवात कुठून? 2 मेला पहिला दिवस धरला तर साठावा दिवस 30 जून, सोमवार. 1 मेलाच पहिला दिवस धरला तर 29 जून, रविवार. एका दिवसाचा फरक, पण रविवारी रजा घेता येत नाही आणि शनिवारी त्यांना सुट्टीच असते. म्हणजे दुसऱ्या हिशेबानं रजा घेण्याचा शेवटचा दिवस शुक्रवार, 27 जून. त्यांनी ईमेल करून विचारलं. उत्तर आलं की काम केलेला दिवसच पहिला. न विचारता 30 जून धरून बसल्या असत्या तर रजा गेलीच होती.

दुसरा प्रश्न, 'वापरावी' म्हणजे काय? मुदतीत अर्ज करायचा की मुदतीत प्रत्यक्ष घरी बसायचं? बहुतेक ठिकाणी दुसरा अर्थ घेतात. 25 जूनला अर्ज टाकून जुलैतली तारीख मागाल तर ती मिळणार नाही, अर्ज मुदतीत असला तरी. खात्यात रजा जमा झाली की शेवटची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये घाला, आणि तिच्या आधी तीन आठवड्यांवर आणखी एक आठवण लावा.

तारीख मागताना

लवकर मागा आणि एकाऐवजी दोन तारखा द्या. साहेबांना "हो की नाही" विचारलं की नाही म्हणणं सोपं जातं. "ही की ती" विचारलं की निवड करावी लागते. महिनाअखेर, साठ्याची मोजदाद, हिशेब बंद करायचे दिवस असले काळ टाळा, कारण तिथे नकार रास्त असतो आणि रास्त नकारावर नंतर भांडता येत नाही.

बाईंनी आधी सोमवार 26 मे मागितला. महिनाअखेरीची गर्दी म्हणून नाही झाला. मग शुक्रवार 13 जून मागितला, तोही मोजदादीमुळे नाही. तेव्हा त्यांनी तिसरा अर्ज असा लिहिला:

"सर, 1 मेच्या सुट्टीच्या कामाची एक बदली रजा माझ्या खात्यात जमा आहे. तिची मुदत 29 जूनला संपते आणि त्याआधीचा शेवटचा कामाचा दिवस 27 जून आहे. 26 मे आणि 13 जून या तारखा कामामुळे मिळाल्या नाहीत. आता 20 किंवा 27 जून, शुक्रवार, यांपैकी जी सोयीची असेल ती मंजूर करावी. दोन्ही शक्य नसतील तर कामाच्या गरजेमुळे मुदत वाढवून मिळण्याची शिफारस आजच पुढे पाठवावी. माझ्या गैरहजेरीत रवानगीचं काम कोण पाहणार हे ठरवून कळवते."

या पत्रात राग कुठेच नाही, पण आधीचे दोन नकार तारखेसकट नोंदले गेलेत. पुढे रजा बुडालीच असती तर ती त्यांच्या आळसानं नव्हे, कामाच्या गरजेपायी बुडाली हे या एका कागदावरून दिसलं असतं. मुदतवाढ मागण्याचा खरा आधार हाच असतो, आणि मुदतवाढ मुदतीच्या *आत* मागायची असते. संपलेली रजा जिवंत करायला बहुतेक मनुष्यबळ विभागांकडे बटणच नसतं.

20 जून मंजूर झाला.

अर्ज भरताना रजेचा प्रकार नीट निवडा, हे क्षुल्लक वाटेल पण आहे नाही. यादीत पहिला पर्याय बहुधा अर्जित रजेचा असतो आणि घाईत तोच राहून जातो. मग सुट्टी मिळते, कुणी तक्रार करत नाही, अर्जित रजेतला एक दिवस कापला जातो आणि बदली रजा गुपचूप मुदतीला लागते. शिवाय बदली रजा दुसऱ्या रजेला जोडून चालते का, मधली साप्ताहिक सुट्टी रजेत मोजतात का, हे धोरणात पाहून मगच लांबलचक सुट्टीचा बेत आखा.

नकार आला तर

आधी कोणत्या प्रकारचा नकार आहे ते ओळखा. "या तारखेला नको" हा नकारच नव्हे, दुसरी तारीख द्या. "पूर्वमंजुरी नव्हती" याला उत्तर म्हणजे आदल्या संध्याकाळचा मेसेज. तो नसेल तर फोनच्या यादीतली कॉलची वेळ, त्या दिवशी साहेबांशी झालेले ईमेल, आणि हजेरी. काम सांगितल्याशिवाय तुम्ही सुट्टीला येऊन बसला नव्हता एवढं त्यातून दिसलं तरी पुष्कळ. "तुझं काम राहिलं होतं म्हणून आलास" हा तिसरा प्रकार, आणि तो पूर्ण खोटा नसतो. स्वतःच्या राहिलेल्या कामासाठी, कुणी न बोलावता आलात, तर बहुतेक धोरणं रजा देत नाहीत. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये 'आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे' हे शब्द हवेतच.

"लेखी नको, एखाद्या दिवशी ये उशिरा, मी बघतो" या मायेच्या नकाराला सगळ्यात जास्त जपा. त्या दिवशी यंत्रणेत तुम्ही गैरहजर दिसता, आणि पगार कापला गेल्यावर साहेबांनाही काही करता येत नाही. हसून म्हणा, "सर, चालेल, फक्त अर्ज टाकून ठेवतो म्हणजे हजेरीत अडचण नको."

साहेबांकडून आठवडाभरात उत्तर नसेल तर त्याच ईमेलवर एक आठवण, आणि पुढच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाला प्रत. नवीन ईमेल सुरू करू नका. जुन्याच साखळीत लिहिलं की मेसेज, हजेरी, दोन्ही नकार, सगळं एकाखाली एक दिसतं आणि वाचणाऱ्याला तुमची बाजू वेगळी सांगावी लागत नाही. तिथेही दाद लागली नाही तर तक्रार निवारण समिती, कामगार संघटना, आणि शेवटी श्रम विभाग. पण शेवटच्या पायरीवर जाण्याआधी तुमच्या ठिकाणच्या कायद्यात सार्वजनिक सुट्टीच्या कामाला बदली रजा आहे की जादा वेतन, हे पक्कं करा. धोरणातली सवलत आणि कायद्यातला हक्क यांत सरकारी दरबारी फार फरक पडतो.

नोकरी सोडायच्या विचारात असाल तर राजीनाम्याच्या आधी ही रजा संपवा. अर्जित रजेचे पैसे मिळतात तसे बदली रजेचे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, आणि नोटिशीच्या काळात ती घेऊही देत नाहीत.

बाईंनी 23 जूनला, सोमवारी कामावर आल्याआल्या, रजेचं खातं उघडून पाहिलं. बदली रजा शून्य, अर्जित रजा होती तेवढीच. महिन्याच्या शेवटी पगाराच्या चिठ्ठीत 30 दिवस भरलेले आणि विनावेतन दिवसांच्या रकान्यात शून्य. चिठ्ठी त्यांनी त्याच ईमेल साखळीला जोडून ठेवून दिली.